उलट मोजलेली विक्री: किराणा दुकानाचा रोजमेळ आणि त्याची मासिक चाचणी

हिशेबाची पुस्तके विक्रीच्या बिलापासून सुरू होतात. बिल फाडले, ते विक्री-पुस्तकात चढवले, तिथून खतावणीत नेले, आणि अखेरीला नफातोटा निघाला. लहान किराणा दुकानात ही पहिली पायरीच नसते. पाच रुपयांचे बिस्किट, पाव किलो साखर, एक काडेपेटी अशा शेकडो विक्र्या दिवसभरात होतात आणि एकाही विक्रीचा कागद होत नाही. गिऱ्हाईक उभे असताना लिहीत बसणे शक्यही नसते. म्हणून हिशेब न शिकलेल्या दुकानदाराचा प्रश्न ‘जमा कुठे आणि नावे कुठे लिहायचे’ हा नसतो. जी विक्री कुणीच लिहिली नाही ती आज किती झाली, हे शोधायचे कसे, हा असतो. याचे एक उत्तर परंपरेने दिलेले आहे आणि ते चांगले आहे. पण त्यात एक छिद्र आहे, आणि ते बुजवायची रीत बहुतेक दुकानांत पाळली जात नाही. या लेखाचा विषय ते छिद्र आहे.

रोजमेळ

परंपरेचे उत्तर म्हणजे रोजमेळ. रोजच्या रोज जमा-खर्च लिहून शिल्लक काढण्याची ही पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. दुकानदाराला त्यातले एकच तत्त्व लागते. गल्ल्यात सकाळी जे होते, दिवसभरात जे आले, त्यातून जे बाहेर गेले, ते वजा जाता रात्री उरायला हवे. चारपैकी तीन गोष्टी माहीत असल्या की चौथी काढता येते. सकाळची शिल्लक कालच्या पानावर असते, रात्रीची शिल्लक मोजता येते, आणि बाहेर गेलेले पैसे लिहिता येतात, कारण ते दिवसातून पाच-दहा वेळाच जातात. उरते ती विक्री. म्हणून विक्री न लिहिता तिची उलट मोजणी करता येते:

रोख विक्री = रात्रीची शिल्लक + गल्ल्यातून गेलेले पैसे − सकाळची शिल्लक − विक्रीशिवाय आलेले पैसे

एका दिवसाचे पान मांडून पाहू. दुकान तालुक्याच्या गावातले समजा, भाड्याच्या गाळ्यातले, मालक-मालकीण आणि अर्धवेळ मदतनीस मुलगा चालवतात असे. सकाळी गल्ल्यात सुट्या पैशांसह ३,००० रुपये होते. दिवसभरात दूध-पाववाल्याला १,४५० दिले, बिस्किटांच्या वितरकाचा माणूस आला त्याला १,९०० दिले, हमालीचे ८० गेले आणि घरखर्चासाठी ८०० काढले. एकूण बाहेर गेले ४,२३०. एका जुन्या उधारीवाल्याने १,००० रुपये रोख आणून दिले. रात्री गल्ला मोजला तो ६,७४० भरला. आता ६,७४० मध्ये ४,२३० मिळवले, त्यातून ३,००० आणि १,००० वजा केले, की रोख विक्री ६,९७० निघते.

गल्ला सकाळपेक्षा फक्त ३,७४० ने फुगलेला दिसतो आणि विक्री जवळपास त्याच्या दुप्पट निघते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गल्ल्याकडे पाहून ‘आज धंदा बरा झाला’ किंवा ‘आज काही नाही’ असे म्हणणारा दुकानदार बहुधा विक्रीबद्दल बोलतच नसतो. त्या दिवशी पैसे मागायला कोण कोण आले, त्याबद्दल बोलत असतो.

रोख विक्रीत दोन भर घालाव्या लागतात. पहिली यूपीआयची. साउंडबॉक्स दिवसभर ओरडत असतो, पण तो विक्रीचा आकडा सांगत नाही, खात्यात आलेल्या पैशांचा सांगतो. आपल्या दुकानात त्या दिवशी फोनवर ४,३५० जमा झाले. त्यातले ६०० जुन्या उधारीचे होते आणि ५०० मेव्हण्याने परत केलेले हातउसने. विक्री उरली ३,२५०. दुसरी भर उधारीवर गेलेल्या मालाची. उधारीच्या वहीत त्या दिवसाच्या नोंदींची बेरीज ९८० झाली. मग त्या दिवसाची एकूण विक्री ६,९७० अधिक ३,२५० अधिक ९८०, म्हणजे ११,२०० रुपये.

उधारी माल गेला त्या दिवशी विक्रीत धरायची आणि पैसे आले त्या दिवशी विक्रीतून वगळायची, हा नियम एकदा ठरला की पुन्हा मोडायचा नाही. अनेक जण दोन्ही दिवशी धरतात आणि मग विक्री कागदावर फुगते. काही जण दोन्ही दिवशी विसरतात.

एवढे पान लिहायला दहा मिनिटे लागतात, पण दोन शिस्ती पाळाव्या लागतात. गल्ल्यातून पैसे काढणाऱ्याने, मग तो मालक असो, मालकीण असो की मुलगा, त्याच क्षणी टिपण करायचे. गल्ल्याशेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल आणि वही यासाठी पुरते. आणि रात्री मोजणी आधी करायची, हिशेब नंतर. आधी हिशेब करून ‘इतके असायला हवेत’ असा आकडा डोक्यात घेऊन मोजायला बसले, की मोजणी त्या आकड्याकडे ओढली जाते.

जुळलेल्या पानाचा अर्थ

आता छिद्राकडे येऊ. वरच्या पानात वितरकाला दिलेले १,९०० रुपये लिहायचे राहिले असे समजा. गेलेले पैसे ४,२३० ऐवजी २,३३० होतील आणि सूत्रातून रोख विक्री ६,९७० ऐवजी ५,०७० निघेल. पान तरीही जुळेल. रात्री मोजलेली शिल्लक ६,७४० च असेल आणि वहीतली शिल्लकही ६,७४० च असेल. कुणी गल्ल्यातून पाचशे रुपये उचलले तरी हेच होईल, पाचशेने विक्री कमी दिसेल आणि पान जुळेल. उलट मोजणी केलेला रोजमेळ न जुळणे शक्यच नाही, कारण विक्रीचा आकडा जुळवण्यासाठीच काढलेला असतो.

‘माझा हिशेब रोज पैशाला पैसा जुळतो’ असे सांगणाऱ्या दुकानदाराला म्हणून मी नेहमी एकच विचारतो: विक्री आधी लिहिता की नंतर काढता? नंतर काढत असाल तर त्या जुळण्याला पुरावा म्हणून काहीही किंमत नाही. पानाचा उपयोग आहे, पण तो विक्रीचा अंदाज येण्यापुरता आणि खर्चाची नोंद राहण्यापुरता. चूक, गळती किंवा चोरी ते दाखवू शकत नाही.

दुहेरी नोंद ठेवली असती तर हे टळले असते का? लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली. तिचा ताळा सुंदर आहे, पण तोही लिहिलेल्या व्यवहारांचाच असतो. जो व्यवहार कोणत्याच बाजूला लिहिला नाही, तो तिथेही सापडत नाही. बाहेरून आलेला, गल्ल्याशी संबंध नसलेला असा एखादा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय रोजमेळाची परीक्षा होत नाही. किराणा दुकानात असा आकडा एकच असतो: माल. तो पैशांप्रमाणे खिशात जात नाही, फडताळावर बसलेला असतो आणि मोजता येतो.

मालाकडून विक्रीकडे

महिन्यातून एकदा मालाची मोजदाद करायची. सुरुवातीला जितका माल होता त्यात महिन्याची खरेदी मिळवायची आणि अखेरीला उरलेला वजा करायचा, म्हणजे गेलेल्या मालाची खरेदी किंमत निघते. त्यावर आपण कुठल्या मालावर किती चढवतो ते लावले, की विक्री किती व्हायला हवी होती ते कळते. हा आकडा आणि रोजमेळातून महिनाभर जमलेली विक्री यांत पडणारी तफावत म्हणजे या सगळ्या खटाटोपाचे फळ.

आपल्या दुकानात महिन्याच्या पहिल्या तारखेला २,२०,००० रुपयांचा माल होता. महिन्याभरात २,८८,००० ची खरेदी झाली. अखेरीला २,२८,००० चा माल उरला. म्हणजे २,८०,००० चा माल गेला. हा माल तीन जातींचा आहे आणि तिन्हींवरचा नफा वेगळा आहे. साखर, तेल, आटा, तांदूळ असा वजनी, चढाओढीचा माल १,४०,००० चा गेला. त्यावर हे दुकान आठ टक्के चढवते, म्हणजे विक्री १,५१,२००. साबण, चहा, बिस्किटे असा पाकीटबंद माल ९०,००० चा. त्यावर पंधरा टक्के, म्हणजे १,०३,५००. सुट्या डाळी, मसाले, सुकामेवा ५०,००० चा. त्यावर तीस टक्के, म्हणजे ६५,०००. व्हायला हवी होती ती विक्री ३,१९,७००. रोजमेळांची बेरीज मात्र ३,१०,००० आहे. तफावत ९,७०० रुपयांची.

हे टक्के आपल्या उदाहरणातल्या दुकानाचे आहेत, दुसऱ्याचे घेऊन चालणार नाहीत. ते काढायला फार कष्ट नाहीत. प्रत्येक जातीतल्या सर्वाधिक खपाच्या आठ-दहा वस्तूंचा खरेदी दर ताज्या बिलावरून घ्यायचा आणि आपण लावतो तो भाव त्याच्याशी ताडून पाहायचा. एक सावधगिरी मात्र हवी, कारण चढवलेला टक्का आणि उतरवायचा टक्का एक नसतो. साबणाच्या फडताळावर छापील किमतीने ११,५०० चा माल आहे आणि त्यावर खरेदीच्या पंधरा टक्के नफा आहे, तर त्याची खरेदी किंमत १०,००० होते. ११,५०० चे पंधरा टक्के वजा करणारा ती ९,७७५ लिहितो. सगळ्या दुकानात ही चूक केली की माल काही हजारांनी कमी दिसतो आणि नसलेली गळती शोधण्यात रात्र जाते.

मोजदादीची रीत थोडक्यात सांगतो. बंद पोती आणि खोके नगावर मोजायचे, उघडी पोती काट्यावर ठेवायची, आणि फडताळावरचा बारीक माल छापील किमतीने मोजून वरच्या रीतीने खरेदी किमतीवर आणायचा. जीएसटीची नोंदणी नसलेल्या दुकानदाराने खरेदी किंमत कर धरून लिहावी, कारण तो कर त्याला कुठूनही परत मिळत नाही. वितरकाच्या स्कीममध्ये डझनावर एक नग फुकट आला असेल, तर एका डझनाची किंमत तेरा नगांवर वाटायची. आणि एका गोष्टीची फार काळजी घ्यायची: अखेरच्या दिवशी आलेला माल मोजला असेल तर त्याचे बिलही त्याच महिन्याच्या खरेदीत हवे. माल मोजला आणि बिल पुढच्या महिन्यात गेले, की या महिन्याचा नफा त्या बिलाएवढा खोटा वाढतो.

तफावत फोडणे

९,७०० रुपये कुठे गेले? पहिला विचार मदतनिसाचा येतो. तो शेवटचा असावा. अनुभव असा की सर्वांत मोठा वाटा बहुतेक वेळा घरातच असतो. तेलाची पिशवी, चहाचे पुडे, मुलांची बिस्किटे, सणाला लागणारा रवा-मैदा दुकानातून घरात जातो आणि तो लिहायचा असतो हे कुणाच्या मनातही येत नाही. आपल्या दुकानात मालकीणबाईंनी आठवून, स्वयंपाकघरातले डबे पाहून यादी केली. ती विक्रीच्या भावाने ४,६०० ची झाली.

मुदत संपून फेकलेला, उंदरांनी कुरतडलेला, फुटलेला माल १,३०० चा निघाला. तो फेकण्यापूर्वी लिहायची सवय नसल्याने कचऱ्याच्या खोक्यातली पाकिटे मोजावी लागली. मुदत संपलेला काही माल वितरक बदलून देतो. तो वेगळ्या खोक्यात ठेवून त्याची यादी केली असती तर यातले थोडे पैसे वाचलेही असते. तिसरे कारण सुट्या मालाची घट. पन्नास किलोच्या पोत्यातून पाव-अर्धा किलोच्या पुड्या बांधताना काटा दर वेळी थोडा गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकतो, थोडे सांडते, पोत्याच्या तळाशी चुरा उरतो. या दुकानाने एक पोते शेवटपर्यंत मोजून पाहिले तेव्हा घट दोन टक्क्यांच्या आसपास आली. सुट्या मालाच्या ६५,००० च्या विक्रीवर ती १,३०० होते.

४,६००, १,३०० आणि १,३०० वजा केल्यावर २,५०० उरतात. त्यांचा उलगडा झाला नाही. तो करायची घाईही करू नये, कारण एका महिन्याच्या तफावतीत मोजदादीची चूक मिसळलेली असते. तिची खूण पुढच्या महिन्यात दिसते. या महिन्याअखेर एक पोते मोजायचे राहिले, तर या महिन्यात माल जास्त गेल्यासारखा आणि तफावत मोठी दिसेल. तेच पोते पुढच्या मोजदादीत सापडले, तर पुढच्या महिन्यात तेवढ्याच रकमेने उलटी तफावत येईल. म्हणजे मोजणीची चूक एकदा खाली आणि एकदा वर जाते. खरी गळती दर महिन्याला एकाच बाजूला, साधारण त्याच मापाने येत राहते. दोन-तीन महिने आकडे शेजारी मांडल्याशिवाय कुणावर संशय घेणे हा अन्याय होईल आणि मूर्खपणाही.

तिसऱ्या महिन्यातही तफावत त्याच बाजूला राहिली, तर गळती गल्ल्याची की मालाची हे ठरवावे लागते. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस निवडून त्या दिवशी प्रत्येक विक्री लिहायची, पाच रुपयांचीसुद्धा. काउंटरवर वही ठेवून नुसता आकडा टिपला तरी पुरे, वस्तूचे नाव नको. रात्री ही बेरीज आणि रोजमेळातून काढलेली विक्री ताडून पाहायची. लिहिलेली विक्री जास्त भरली तर पैसे गल्ल्यातून जात आहेत, किंवा गल्ल्यातून दिलेले पैसे लिहायचे राहत आहेत. दोन्ही आकडे जुळले आणि महिन्याची तफावत तरी टिकून असली, तर माल विक्री न होताच बाहेर पडतो आहे: घरात, कचऱ्यात, काट्यावर, किंवा मागच्या दाराने. दुपारी मालक जेवायला जातो त्या वेळी गल्ला मोजून ताबा देणे आणि परत घेताना पुन्हा मोजणे, ही याच चाचणीची छोटी आवृत्ती. ती रोज करता येते आणि गल्ल्यावर बसणाऱ्या प्रामाणिक माणसाचे तिनेच रक्षण होते.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. उधारीवर दिलेला माल लिहायचा राहिला तर तो या चाचणीत गळतीसारखाच दिसतो, आणि लेखी दिवसाच्या चाचणीतही तो सुटतो, कारण घाईत जो उधारी लिहायला विसरतो तो विक्रीही टिपायला विसरतो. तिथे उपाय एकच, महिन्याला प्रत्येक उधारीवाल्याला त्याचा आकडा वाचून दाखवणे. कमी लागलेला आकडा ऐकून काही माणसे स्वतःहून सांगतात. सगळी सांगत नाहीत.

नफा आणि उचल

या चाचणीने हाती आलेले आकडे नफा काढायलाही पुरतात, आणि त्यातच या दुकानाची खरी कहाणी निघाली. विक्री ३,१०,०००, गेलेला माल २,८०,०००, फरक ३०,०००. त्यात घरात गेलेला माल मिळवायचा, कारण तो दुकानाचा तोटा नाही, मालकाने नफ्यातला हिस्सा मालाच्या रूपाने उचलला इतकेच. विक्रीच्या भावाने ४,६०० असलेला तो माल खरेदीच्या भावाने ४,००० चा होता. म्हणून ढोबळ नफा ३४,०००. गाळ्याचे भाडे ४,०००, मदतनिसाचा पगार ५,०००, वीज १,६००, हमाली-पेट्रोल-पिशव्या १,९००; खर्च १२,५००. निव्वळ नफा २१,५००.

घरखर्चासाठी रोज काढलेले ८०० रुपये अठ्ठावीस दिवसांचे २२,४०० झाले. घरात गेलेला माल ४,००० चा. एकूण उचल २६,४००. नफ्यापेक्षा ४,९०० जास्त.

हे दुकानदाराला जाणवत का नव्हते? कारण गल्ला कधी रिकामा पडत नव्हता. घाऊक व्यापारी पंधरा दिवसांची उधारी देतो, त्याचे पैसे तोपर्यंत गल्ल्यात खेळत असतात, आणि घरखर्च त्यातूनच निघत होता. भांडवल दर महिन्याला ४,९०० ने झिजत होते आणि तेवढेच देणे वाढत होते. हा वेग वर्षभर राहिला तर ५८,८०० होतात. असे दुकान एक दिवस बंद पडते तेव्हा गावात म्हणतात की मॉल आला म्हणून बुडाले.

म्हणून रोजमेळात ‘खर्च’ असा एकच रकाना ठेवू नये. दुकानाचा खर्च, व्यापाऱ्यांना दिलेले पैसे आणि घरची उचल असे तीन रकाने हवेत. व्यापाऱ्याला दिलेले १,९०० हा त्या दिवसाचा खर्च नसतो, जुने देणे फिटलेले असते; आणि उचल तर खर्चच नव्हे. या तिन्हींची सरमिसळ झाली की नफा काढायचा कोणताही प्रयत्न निष्फळ ठरतो.

उधारीची वही आणि कायदा

उधारीला प्रत्येक गिऱ्हाइकाचे वेगळे पान हवे आणि दर नोंदीपुढे चालू बाकी हवी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते त्या वहीचे कायद्यातले वजन. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद न्यायालयात ग्राह्य आहे, पण केवळ तेवढ्या नोंदीवर कुणावर देणे लादता येत नाही, असे भारतीय पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. जोडीला दुसरे काहीतरी लागते. शिवाय वही म्हणजे वहीच लागते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने जैन हवाला प्रकरणात सुटे कागद हे हिशेबाची वही नव्हेत असे ठरवले. कॅलेंडरच्या मागे आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेल्या उधारीचे काय होईल हे यावरून समजावे.

जोडीला लागणारे ‘दुसरे काहीतरी’ म्हणजे सही. वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. पण ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बाकी मान्य करून सही केली, तर मुदत सहीच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. वर्षातून एकदा, दिवाळीत वहीपूजनाच्या आसपास, मोठ्या बाकीदारांच्या पानाखाली ‘बाकी अमुक रुपये मान्य’ असे लिहून सही आणि तारीख घ्यावी. शेजारधर्मात हे अवघड वाटते खरे. पण सणाच्या दिवसांत वही बदलण्याच्या निमित्ताने ते सहज होते, एरवी होत नाही.

मेव्हण्याचे पाचशे रुपये

यूपीआयच्या नोंदीतून वगळलेल्या त्या हातउसन्याकडे परत यावे लागते. फक्त माल विकणाऱ्या दुकानाला महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. आपल्या दुकानाची विक्री वर्षाला ३७ लाख २० हजार होते, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. त्याच क्यूआर कोडवर नातेवाइकांचे पैसे, भिशीची रक्कम, शेतमालाचे पैसे येऊ लागले, तर खात्यातला आकडा विक्रीहून मोठा दिसतो. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. अशा वेळी ‘यातली इतकी रक्कम विक्रीची नव्हती’ हे दाखवायला त्या त्या दिवशी लिहिलेले रोजमेळाचे पान लागते; वर्षानंतर आठवून केलेली यादी कुणी मानत नाही. दुकानाचा क्यूआर कोड वेगळ्या बँक खात्याला जोडला तर हा प्रश्न बहुतांशी उद्भवतच नाही.

आयकराची बाजू याहून सोपी आहे. लहान व्यापाऱ्यांसाठी असलेल्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीच्या किमान आठ टक्के आणि बँकेतून वा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या किमान सहा टक्के उत्पन्न दाखवले, की आयकरासाठी वह्या ठेवण्याची सक्ती राहत नाही. यावरून ‘मग वही हवी कशाला’ असे म्हणणारे करसल्लागारही भेटतात. त्यांचा सल्ला विवरणपत्रापुरता बरोबर आहे. पण आपले दुकान त्या योजनेत बसते, विवरणपत्रही बिनचूक भरते, आणि तरीही महिन्याला ४,९०० रुपयांनी भांडवल खाते. योजनेला ते दिसत नाही, कारण ती मालाकडे पाहतच नाही.

वही सुरू करायला नव्या आर्थिक वर्षाची किंवा पाडव्याची वाट पाहायची गरज नाही. येत्या एक तारखेच्या आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर आधी मालाची मोजदाद करा, मग गल्ला मोजा, आणि व्यापाऱ्यांचे देणे व गिऱ्हाइकांकडचे येणे यांची यादी करून चारही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोजदाद न करता सुरू केलेला रोजमेळ पुढे वर्षभर नेमाने लिहिला, तरी त्यातून नफा निघणार नाही.